तक्रार अर्जातल्या तारखा, क्रमांक आणि भाषा: एका चुकलेल्या पाणी देयकाच्या निमित्ताने

सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मी काही वर्षं काढली. समोर येणारा प्रत्येक कागद उघडायचा, शिक्का मारायचा, नोंदवहीत एक ओळ लिहायची आणि कागद पुढच्या टेबलावर पाठवायचा, असं ते काम. त्या टेबलावरून एक गोष्ट दिसते जी अर्ज लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. वर ‘प्रति’मध्ये नाव असतं ते साहेबांचं, पण साहेब हे तुमच्या अर्जाचे तिसरे वाचक. पहिला वाचक आवक लिपिक. तो विषयाची ओळ वाचतो, ती नोंदवहीत उतरवतो आणि कागद कोणाकडे द्यायचा ते ठरवतो. दुसरा वाचक ज्याच्या टेबलावर काम आहे तो लिपिक. तो क्रमांक आणि तारखा बघून जुने कागद काढतो आणि एक टिपणी लिहितो. साहेब वाचतात ती मुख्यतः ही टिपणी, आणि सही करतात तीही तिच्यावरच.

म्हणजे चांगला अर्ज तो, ज्यातली वाक्यं दुसऱ्या वाचकाला जशीच्या तशी टिपणीत उतरवता येतात. तारखांचा नेमकेपणा आणि भाषेतली सभ्यता या दोन्ही गोष्टी मी याच कसोटीवर बघतो. ‘मला कमालीचा मनस्ताप झाला आहे’ हे वाक्य टिपणीत जात नाही. ‘दि. २१ जानेवारी २०२५ रोजी मीटर बदलला, परंतु देयकात त्याची नोंद नाही’ हे वाक्य जातं.

उदाहरणासाठी एकच प्रकरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहू. आकडे आणि क्रमांक उदाहरणापुरते आहेत, पण चूक अगदी नेहमीची आहे.

एका घराचा पाण्याचा मीटर बदलला. जुन्या मीटरचं मागच्या देयकातलं वाचन ९४१२ होतं. मीटर काढला त्या दिवशी ते ९४२१ होतं. नवा मीटर शून्यापासून सुरू झाला आणि पुढच्या वाचनाला त्यावर २३ आकडा होता. म्हणजे जुन्या मीटरचे ९ आणि नव्याचे २३, मिळून वापर ३२ युनिट. देयकात मात्र ६११ युनिट छापून आले. हा ६११ आला कुठून, हे शोधलं तर अर्धा अर्ज तिथेच लिहून होतो. मीटर बदलल्याची नोंद देयकाच्या संगणकात गेलीच नाही. मागचं वाचन ९४१२ आणि आताचं २३, म्हणजे चार आकड्यांचा मीटर ९९९९ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर आला असावा, असं धरून हिशेब झाला. १०००० मधून ९४१२ वजा केले की ५८८, त्यात २३ मिळवले की ६११. चुकीचा आकडा नेमका कसा तयार झाला हे दाखवता आलं, तर ‘बिल जास्त आलंय’ हे तुमचं मत राहत नाही, तो हिशेब होतो. आणि हिशेब लिपिकाला दोन मिनिटांत तपासता येतो.

आधी तारखांचा कागद

अर्ज लिहायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि प्रकरणातली प्रत्येक घटना तारखेच्या क्रमाने लिहून काढा. हा कागद अर्जाला जोडायचा नाही, तो तुमच्यासाठी. स्मरणाने लिहू नका. समोर मूळ कागद ठेवा आणि त्यावरून बघून लिहा. आठवणीतली तारीख चुकली की एखाद-दुसऱ्या दिवसाने चुकते आणि नेमकी तेवढ्यानेच ती लिपिकाला सापडत नाही.

इथे एक गोम आहे. एकाच कागदाला बहुतेक वेळा तीन-तीन तारखा असतात. आपल्या देयकाचंच बघा. वाचन घेतलं ४ मार्च २०२५ ला. देयकावर छापलेली तारीख १० मार्च. ते घरी आलं १५ मार्चला. शिवाय भरण्याची अंतिम तारीख ३१ मार्च. या चारही तारखा खऱ्या आहेत आणि चौघींची कामं वेगळी. देयक शोधायचं तर छापलेली तारीख लागते. वापराचा हिशेब करायचा तर वाचनाची. उशीर तुमच्याकडून झालेला नाही हे सांगायचं तर हाती आल्याची. विलंब आकाराबद्दल बोलायचं तर अंतिम तारीख. अर्जात नुसतं ‘१५ मार्चचे देयक’ असं लिहिलं, तर लिपिक त्याच्या यादीत १५ मार्च शोधतो, आणि त्या तारखेला एकही देयक निघालेलं नसतं.

‘मार्च महिन्याचे बिल’ ही तर याहून वाईट लिहिण्याची पद्धत. ही चूक मी स्वतः, नोकरीत असताना, माझ्या घरच्या अर्जात केली आहे. मला म्हणायचं होतं मार्चमध्ये निघालेलं, जानेवारी-फेब्रुवारीचं देयक. तिकडे बघितलं गेलं ते मार्च-एप्रिल या कालावधीचं. ते बरोबर होतं. दीड महिन्याने पत्र आलं की देयक तपासले असता योग्य असल्याचे आढळून आले, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. दोष कोणाला देणार? मी दिलेल्या शब्दांवर त्यांनी बरोबर काम केलं होतं. तेव्हापासून देयकाचा उल्लेख मी क्रमांक, दिनांक आणि कालावधी या तिन्हींसह करतो.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहावा. ‘४/३/२०२५’ बहुतेकांना ४ मार्च वाटेल, पण संगणकावर महिना आधी लिहिण्याची सवय असलेल्याला तोच ३ एप्रिल वाटू शकतो. ‘दि. ४ मार्च २०२५’ यात शंकेला जागा नाही. वर्ष चारही आकड्यांत लिहा. ‘गेल्या महिन्यात’, ‘परवा’, ‘नुकतेच’, ‘बरेच दिवस झाले’ हे शब्द अर्जात नकोत. अर्ज तुम्ही लिहिता त्या दिवशी वाचला जात नाही, आणि दोन महिन्यांनी वाचणाऱ्याचा ‘गेला महिना’ वेगळा असतो.

क्रमांक उतरवताना

क्रमांक कागदावर जसा आहे तसाच उतरवा. तिरप्या रेघा, मधली अक्षरं, सुरुवातीची शून्यं, सगळं. ‘पापु/मीटर/३१८/२०२५’ मधला नुसता ३१८ लिहिला तर तो कोणत्या शाखेचा, कोणत्या वर्षाचा, काहीच कळत नाही. दरवर्षी नोंदवही नव्याने सुरू होते, त्यामुळे ३१८ दरवर्षी असतोच. ‘००४७१९३’ मधली पुढची दोन शून्यं गाळली तर संगणकावर शोधताना काही ठिकाणी देयक सापडत नाही. हाताने लिहिणाऱ्यांनी देवनागरी १ आणि ९ सुटे आणि स्पष्ट काढावेत. घाईत लिहिलेला ९ उलटा-सुलटा वाचला गेल्याने भलतीच फाईल निघाल्याचं मी पाहिलं आहे.

आवक आणि जावक यांत गल्लत होते, तिच्यावर थोडं थांबतो. तुमचा अर्ज कार्यालयात गेला की त्यावर पडणारा क्रमांक हा त्या कार्यालयाचा आवक क्रमांक. कार्यालयाने तुम्हाला पाठवलेल्या पत्रावर असतो तो त्यांचा जावक क्रमांक. दोन्ही वेगळ्या वह्यांत असतात. लोक ‘जा.क्र. २१४६’ असं आपल्याच अर्जाबद्दल लिहितात आणि लिपिक जावकच्या वहीत २१४६ वर पोहोचतो, तिथे कोणा भलत्याच माणसाला गेलेलं पत्र असतं. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी की ही नावं नेहमी कार्यालयाच्या बाजूने असतात. त्यांच्याकडे आलं ते आवक, त्यांच्याकडून गेलं ते जावक.

आणि अर्जाची तारीख व आवक तारीख एकच असेल असं धरू नका. तुम्ही सोमवारी अर्ज लिहून दिलात, शिक्का मंगळवारचा पडला, असं सर्रास होतं. नोंदवहीत सापडण्यासाठी मंगळवारची तारीख लागते. म्हणून पुढच्या पत्रव्यवहारात दोन्ही द्या: ‘माझा दि. १७ मार्च २०२५ चा अर्ज (आवक क्र. २१४६, दि. १८ मार्च २०२५)’.

मागणी एकच, आणि करता येण्यासारखी

तारखांचा कागद तयार झाला की स्वतःला विचारा, या कार्यालयाने नेमकं काय केलं की माझं काम झालं? आपल्या प्रकरणात उत्तर सरळ आहे. वापर ६११ ऐवजी ३२ युनिट धरून सुधारित देयक द्यावं. त्याला चिकटून आणखी एक मागणी येते, की दुरुस्ती होईपर्यंत विलंब आकार लावू नये. ही दोन्ही एकाच टेबलाची कामं आहेत, म्हणून एका अर्जात चालतील.

पण याच अर्जात गल्लीतली गळती, कमी दाबाने येणारं पाणी आणि खिडकीवरच्या माणसाचं वागणं घातलंत, तर अर्जाची वाट चुकली. गळती दुसऱ्या शाखेची, दाब तिसऱ्या, वागणुकीची तक्रार आस्थापनेची. अर्ज एकाच टेबलावर जातो. तो लिपिक आपल्यापुरतं उत्तर देतो किंवा ‘इतर विभागांचे अभिप्राय मागवावेत’ असं लिहून कागद फिरायला लावतो. विषय तीन असतील तर अर्ज तीन करावेत.

विषय आणि संदर्भ

विषयाची ओळ म्हणजे नोंदवहीत जाणारी ओळ. तिच्यात काय हवंय आणि ते कोणत्या खात्याबद्दल, एवढं असावं. ‘तक्रार अर्ज’ हा विषय नाही, रोज येणाऱ्या निम्म्या कागदांवर तोच असतो. ‘अन्यायकारक व अवाजवी बिलाबाबत न्याय मिळणेबाबत’ यातून कोणतं टेबल हे कळत नाही. ‘मीटर बदलाची नोंद घेऊन पाणी देयक दुरुस्त करून मिळणेबाबत (ग्राहक क्र. अमुक)’ असं लिहिलं की आवक लिपिकाचा हात थांबत नाही. ‘मिळणेबाबत’, ‘करणेबाबत’ ही सरकारी वळणाची रूपं एरवी मला फारशी आवडत नाहीत. विषयाच्या ओळीत मात्र ती सोयीची आहेत, कारण त्या वह्यांची भाषा तीच आहे.

संदर्भाखाली कागद तारखेच्या क्रमाने, जुना आधी. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कागद कोणता, क्रमांक काय, दिनांक काय. एकदा हे लिहिलं की मजकुरात पुन्हा क्रमांक लिहायचे नाहीत, ‘संदर्भ क्र. २ अन्वये’ एवढं पुरतं. यामुळे मजकूर वाचायला हलका होतो, आणि तोच क्रमांक दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिला जाण्याची भीती राहत नाही. ज्या कागदाचा मजकुरात उपयोग नाही तो संदर्भात घालू नका. दहा संदर्भ दिले की अर्ज वजनदार वाटतो ही समजूत चुकीची आहे. लिपिकाला दहाही कागद शोधावे लागतात आणि एक सापडला नाही की अर्ज बाजूला पडतो.

पूर्ण अर्ज

आता हे सगळं एकत्र कसं दिसतं ते बघा.

दिनांक: १७ मार्च २०२५

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा विभाग (देयक शाखा),
(कार्यालयाचा पूर्ण पत्ता)

अर्जदार: (पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक)
ग्राहक क्र.: ०२१-०५५८६
नवीन मीटर क्र.: ब ७७०४१

विषय: मीटर बदलाची नोंद घेऊन पाणी देयक दुरुस्त करून मिळणेबाबत (ग्राहक क्र. ०२१-०५५८६).

संदर्भ:
१. देयक क्र. ००४१८६०, दि. ९ जानेवारी २०२५ (वाचन दि. ३ जानेवारी २०२५).
२. मीटर बदल अहवाल क्र. पापु/मीटर/३१८/२०२५, दि. २१ जानेवारी २०२५.
३. देयक क्र. ००४७१९३, दि. १० मार्च २०२५ (कालावधी ४ जानेवारी ते ४ मार्च २०२५).

महोदय/महोदया,

वरील ग्राहक क्रमांकाची नळजोडणी माझ्या नावे आहे. संदर्भ क्र. १ नुसार दि. ३ जानेवारी २०२५ रोजी जुन्या मीटरचे वाचन ९४१२ होते. त्यानंतर दि. २१ जानेवारी २०२५ रोजी आपल्या विभागाने जुना मीटर बदलला. संदर्भ क्र. २ मध्ये काढलेल्या मीटरचे अंतिम वाचन ९४२१ आणि नवीन मीटरचे प्रारंभिक वाचन ०००० असे नोंदविले आहे.

संदर्भ क्र. ३ चे देयक मला दि. १५ मार्च २०२५ रोजी मिळाले. त्यात मागील वाचन ९४१२, चालू वाचन ००२३ आणि वापर ६११ युनिट दर्शविला आहे. हा आकडा जुन्या मीटरचे मागील वाचन आणि नवीन मीटरचे चालू वाचन एकत्र धरल्याने आला असावा (१०००० - ९४१२ + २३ = ६११). मीटर बदलाची नोंद देयकात आलेली दिसत नाही.

संदर्भ क्र. २ विचारात घेतल्यास या कालावधीतील वापर जुन्या मीटरवर ९ युनिट (९४२१ - ९४१२) आणि नवीन मीटरवर २३ युनिट, असा एकूण ३२ युनिट होतो. संदर्भ क्र. १ च्या देयकातील वापर ३४ युनिट होता.

तरी विनंती आहे की, मीटर बदलाची नोंद घेऊन ३२ युनिट वापराचे सुधारित देयक द्यावे. संदर्भ क्र. ३ च्या देयकाची अंतिम तारीख ३१ मार्च २०२५ आहे. हा अर्ज त्यापूर्वी सादर केला असल्याने, दुरुस्ती होईपर्यंत विलंब आकार लावू नये. पडताळणीसाठी मीटर पाहावयाचा असल्यास मी पूर्वसूचनेनुसार उपस्थित राहीन.

कळावे,

आपला/आपली विश्वासू,
(सही)
(नाव)

सोबत: संदर्भ क्र. १, २ व ३ च्या छायाप्रती (एकूण ३ पाने), दि. १६ मार्च २०२५ रोजीचे मीटरचे छायाचित्र (१).

बस, एवढंच. एका पानात मावतो. यात प्रत्येक परिच्छेदाचं एक काम आहे: आधी काय होतं, देयकात काय आलं, काय यायला हवं होतं, आणि मागणी. टिपणी लिहिणाऱ्याला हाच क्रम लागतो.

दोन-तीन बारीक गोष्टी. ‘प्रति’मध्ये पदनाम लिहिलं आहे, व्यक्तीचं नाव नाही. अधिकारी बदलून जातात, पद राहतं. ‘आला असावा’ हे जाणून लिहिलं आहे. त्यांच्या संगणकात काय झालं हे आपण पाहिलेलं नाही, आपण फक्त हिशेब जुळवला आहे. जे कागदावर आहे ते ठामपणे सांगावं आणि जो अंदाज आहे तो अंदाज म्हणूनच सांगावा. अंदाज ठामपणे मांडला आणि तो चुकला, तर बाकीच्या बरोबर गोष्टींवरही शंका घेतली जाते. आणि सोबतच्या कागदांपुढे पानांची संख्या लिहिली आहे. एखादं पान गहाळ झालं तर ते तुमच्याकडून आलंच नव्हतं असं म्हणायला मग जागा उरत नाही.

सभ्यता म्हणजे काय आणि काय नाही

वरच्या अर्जात ‘कृपया’ एकदाही नाही, तरी तो उद्धट वाटत नाही. मराठीत सभ्यता ‘कृपया’त कमी आणि क्रियापदात जास्त असते. ‘द्या’ ऐवजी ‘द्यावे’, ‘लावू नका’ ऐवजी ‘लावू नये’, आणि मागणीच्या आधी एकदा ‘विनंती आहे की’. प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ आणि ‘नम्र विनंती’ पेरली की ती काकुळती होते, आणि अर्ज हक्काचा असताना काकुळतीची गरज नाही.

दुसरी युक्ती म्हणजे चूक माणसाला न चिकटवता कागदाला चिकटवणं. ‘तुमच्या कर्मचाऱ्याने हलगर्जीपणा करून नोंद केली नाही’ आणि ‘मीटर बदलाची नोंद देयकात आलेली दिसत नाही’ या दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे. पण पहिलं वाक्य वाचणारा बहुधा तोच कर्मचारी असतो, किंवा त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा. त्याला टिपणीत तुमच्या मागणीआधी स्वतःचा बचाव लिहावा लागतो. बचाव लिहायला वेळ लागतो, चौकशी लागते, साहेबांना तोंडी सांगावं लागतं. दुसऱ्या वाक्याला तो नुसता ‘नोंद घेऊन दुरुस्ती प्रस्तावित’ असं लिहून मोकळा होतो. आमच्याकडे रागाने लिहिलेले अर्ज कोणी फाडून टाकत नसे, पण ते ‘नंतर बघू’ म्हणून गठ्ठ्यात खाली जात हे खरं.

कोर्टात जाण्याची, पेपरात देण्याची धमकी पहिल्या अर्जात नको. ती दिली आणि पुढे काही केलं नाही, तर पुढच्या पत्राचंही वजन जातं. ‘त्वरित’, ‘तात्काळ’ हे शब्दही फुकट जातात, कारण ते सगळेच लिहितात. त्याऐवजी एखादी खरी तारीख आडवी येत असेल, जशी इथे ३१ मार्च, तर तीच सांगावी. ती तारीख जवळ असताना अर्ज दिला म्हणजे भरणा आपोआप थांबला असं मात्र समजू नका. खिडकीवर विचारा, आणि तिथे ‘राहू द्या, नंतर भरा’ असं तोंडी सांगितलं तर तेही अर्जावर लिहून मागा. ते जमत नसेल तर स्वतःच्या कागदावर दिनांक, वेळ आणि खिडकी क्रमांक टिपून ठेवा.

शेवटी ‘कळावे’ पुरे. ‘कळावे, लोभ असावा’ हे घरच्या पत्रात. सरकारी अर्जात ते वाचून आम्हाला हसू यायचं, एवढंच. त्याने काम अडत नसे.

देण्याआधी उलटी तपासणी

अर्ज लिहून झाल्यावर तो पुन्हा वाचून तपासू नका. वाचताना डोळा स्वतःच चूक दुरुस्त करून घेतो. उलट करा. मूळ कागद हातात घ्या, त्यातला क्रमांक मोठ्याने वाचा आणि दुसऱ्याला अर्जात बोट ठेवून बघायला सांगा. एकटे असाल तर क्रमांक शेवटच्या आकड्यापासून मागे वाचा. मग मजकुरातला प्रत्येक ‘संदर्भ क्र.’ वरच्या यादीशी जुळतो का बघा. यादीत मागाहून एखादा कागद घातला की खालचे क्रमांक सरकतात आणि ही चूक हमखास राहते.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांची, एक तुमची पोच. पोचेवर फक्त गोल शिक्का पुरत नाही. आवक क्रमांक, दिनांक आणि घेणाऱ्याची सही, तिन्ही असल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘क्रमांक उद्या पडेल’ असं सांगितलं तर उद्या जा आणि लिहून आणा. गर्दीच्या दिवशी आम्हीही लोकांना असंच सांगत असू, आणि निम्मे परत येत नसत. टपालाने पाठवलात तर पोचपावतीसह पाठवा आणि पावतीवरचा क्रमांक तारखांच्या कागदावर टाका. ईमेलने पाठवायचा असेल तर सही केलेल्या अर्जाची एकच पीडीएफ जोडा आणि ईमेलच्या विषयात वरचीच विषयाची ओळ द्या.

उत्तर आलं नाही तर

कार्यालयाच्या नागरिकांच्या सनदेत त्या कामाची मुदत दिलेली असेल तर ती संपेपर्यंत थांबा. नंतर स्मरणपत्र द्या, नवा अर्ज नाही. नवा अर्ज दिला की नवा आवक क्रमांक पडतो, तो दुसऱ्याच लिपिकाकडे जाऊ शकतो आणि पहिला कागद पोरका होतो. स्मरणपत्रात पुन्हा सगळी कथा सांगायची नाही. विषय तोच ठेवा, त्यापुढे ‘स्मरणपत्र क्र. १’ जोडा आणि मजकूर एवढाच:

‘संदर्भीय अर्ज (दि. १७ मार्च २०२५, आवक क्र. २१४६, दि. १८ मार्च २०२५) आपल्या कार्यालयात सादर केला आहे. त्यावरील निर्णय आज दि. ५ मे २०२५ पर्यंत मला प्राप्त झालेला नाही. तरी अर्जावरील सद्यःस्थिती लेखी कळवावी व सुधारित देयक द्यावे, ही विनंती. मूळ अर्जाची पोच व सहपत्रे पुन्हा सोबत जोडली आहेत.’

‘४८ दिवस उलटले’ असंही लिहिता येईल, आवक तारखेपासून मोजले तर तेवढेच भरतात. पण मी दिवस मोजून लिहिण्याऐवजी दोन तारखा लिहितो. मोजणीत एका दिवसाची चूक सहज होते, आणि तारखा दिल्या की दिवस समोरचा मोजतो. ‘निर्णय झालेला नाही’ असं न लिहिता ‘मला प्राप्त झालेला नाही’ असं लिहिलं आहे, तेही याचसाठी. कदाचित निर्णय झाला असेल आणि पत्र टपालात असेल.

मधल्या काळात त्यांचं पत्र आलं, समजा मीटर बदल अहवालाची स्पष्ट प्रत मागणारं, तर तुमच्या उत्तराच्या संदर्भात त्यांच्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक पहिल्यांदा घ्या आणि तुमचा मूळ अर्ज दुसरा. इथे तारखेचा क्रम मोडला तरी चालतो, कारण त्यांना स्वतःचं पत्र आधी सापडतं आणि त्या फाईलला तुमचा अर्ज लागलेलाच असतो. पुढचं देयक थकबाकीसह आलं तर तोही नवा संदर्भ म्हणून याच पत्रव्यवहारात जोडा.

अर्जावर पुढे काय झालं याच्या नोंदी बघायच्या असतील तर त्या तक्रारीतच मागू नका. त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जन माहिती अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याला उत्तर देण्याची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. तिथेही ‘माझं काम का झालं नाही?’ असा प्रश्न विचारू नये, कारण तिथे अभिलेख मिळतो, स्पष्टीकरण नाही. ‘आवक क्र. २१४६, दि. १८ मार्च २०२५ या अर्जावरील टिपणीच्या पानांची छायांकित प्रत द्यावी’ असं मागा. मग त्या पानावर तुमच्या अर्जातली किती वाक्यं उतरली आहेत, तेही दिसेल.